पुष्य नक्षत्र की ३९ पूर्ण आठवडे?

*ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे, दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिलं सिझेरियन झालं होतं, आताही सिझेरियनच ठरलंय. डॉक्टर म्हणाल्या, ज्या बुधवारी ३९ आठवडे पूर्ण होतात तिथपासून आठवडाभरातला कुठलाही दिवस सांगा. पण नेमकी तेव्हाच कार्तिक अमावस्या आहे. सासूबाईंनी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बुधवारी कृष्ण चतुर्दशी, गुरुवारी अमावस्या, शुक्रवारी ज्येष्ठा, शनिवारी मूळ, सगळ्यालाच शांत करावी लागेल. त्यापेक्षा आठ दिवस आधीचा मंगळवार घ्या, पुष्य नक्षत्र आहे, सकाळी १०:४० ची वेळ उत्तम. त्या दिवशी मला ३७ आठवडे ६ दिवस होतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. मी काही नास्तिक नाही. मुळावरचं मूल वडिलांना वाईट असं ऐकलंय, त्यामुळे मलाही भीती वाटते. आणखी एक. मला लहानपणापासून वाढवणारी आत्या बाळंतपणासाठी आलीय. तिचे यजमान नाहीत. सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यात निघताना ती समोर नको. मी काय करू?*
*— नाव नको*

मंगळवार घेऊ नकोस. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलंय आणि तुझे दिवस भरत आलेत. (तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.) मी स्वतः पंचांग बघणारी आहे. देवघराशेजारच्या खिळ्याला ते बारा महिने टांगलेलं असतं. त्यामुळे ‘हे सगळं थोतांड आहे’ असं मी तुला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी त्याने सासूबाईंचं समाधान होणार नाही.

आधी गुरुजींची बाजू घेते. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलंय. सासूबाईंनी बहुतेक असंच विचारलं असणार की ‘अमावस्येच्या अलीकडे चांगला दिवस कुठला?’ त्यावर पुष्य हे चोख उत्तर आहे. पण पंचांगाला अंगं पाचच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पोटातल्या बाळाला किती दिवस झाले, हा रकाना त्यात नाही. तो डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे. दोन्ही रकाने कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून बघायला हवे होते. तुमच्याकडे ते झालं नाही, एवढीच गडबड आहे.

हे रकाने कुठल्या क्रमाने बघायचे, यावर सगळं अवलंबून आहे. आधी डॉक्टरांनी खिडकी आखायची, मग तिच्या आतला दिवस गुरुजींनी निवडायचा. घर बांधताना जागा ठरल्यावर पायाभरणीचा मुहूर्त काढतात. मुहूर्त चांगला आहे म्हणून कुणी दलदलीत पाया खणत नाही.

आता ३७ आणि ३९ मध्ये एवढा काय फरक, हे सासूबाई विचारतीलच. ‘नववा लागला की बाळ तयार’ हे त्यांच्या पिढीचं गणित आहे, आणि कळा येऊन झालेल्या बाळंतपणात ते बऱ्याच अंशी चालूनही जायचं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की आईच्या आणि बाळाच्या शरीरात काही द्रव्यं वाढतात आणि ते पाणी शोषलं जायला लागतं. कळा न येताच सिझेरियन केलं तर बाळाला ही तयारी करायला वेळच मिळत नाही. अशा वेळी बाळ जितकं लवकर काढाल, तितकी फुप्फुसं ओली राहण्याची शक्यता जास्त. मग बाळ जन्मल्यावर धापा टाकतं, कण्हल्यासारखा आवाज काढतं आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. बहुतेक बाळं एक-दोन दिवसांत सावरतात. पण ते दिवस बाळ एका मजल्यावर आणि टाके घातलेली आई दुसऱ्या मजल्यावर असते. शिवाय लवकर काढलेलं बाळ दूध ओढायला आळसतं, त्याची साखर उतरते.

तुझ्यासारख्याच बायकांवर, म्हणजे आधी सिझेरियन झालेलं आणि आता ठरवून पुन्हा सिझेरियन करणाऱ्यांवर, अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७ व्या आठवड्यात काढलेल्या दर शंभर बाळांतल्या साधारण १५ बाळांना काही ना काही त्रास झाला, ३८ व्या आठवड्यात ११ बाळांना आणि ३९ व्या आठवड्यात ८ बाळांना. म्हणजे ३७ ला काढलेल्या शंभरातली ८५ बाळं ठणठणीतच होती, हेही खरं. म्हणून तर ‘आमच्या अमकीचं ३७ लाच केलं, काही झालं नाही’ अशी उदाहरणं प्रत्येक घरात सापडतात. पण निव्वळ नक्षत्रासाठी धोका जवळजवळ दुप्पट करून घ्यायचा का, हे सासूबाईंनाच विचार. आजी होणार आहेत त्या.

त्यात आणखी एक मेख आहे. ‘३७ आठवडे ६ दिवस’ हा आकडा तितका पक्का नसतो. सुरुवातीच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली असेल तरी तारीख पाच-सात दिवस इकडेतिकडे असू शकते, आणि पहिली सोनोग्राफी उशिरा झाली असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे तुझे ३७ आठवडे ६ दिवस प्रत्यक्षात ३७ च असू शकतात. ३९ पूर्ण झाल्यावर हात घातला तर ही चूक पचते, मंगळवारी पचणार नाही.

डॉक्टरांनी एखाद्या कारणाने, म्हणजे तुझं ब्लडप्रेशर वाढलंय, बाळाची वाढ कमी आहे, वार खाली आहे, अशा कशाने आधीची तारीख दिली असती, तर मी म्हटलं असतं की उद्या जा आणि अमावस्या असली तरी जा. तेव्हा आत राहणं बाहेर येण्यापेक्षा धोक्याचं असतं. तुझ्या पत्रात तसलं काही नाही.

आता खिडकीच्या आत बघू. बुधवार ते पुढचा मंगळवार असे सात दिवस तुझ्या हातात आहेत, आणि गुरुजींनी त्यांतले पहिले चारच मोजून दाखवले. शनिवारी मूळ असेल तर त्यापुढे ओळीने पूर्वाषाढा, उत्तराषाढा, श्रवण. म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार. तोवर अमावस्या सरून मार्गशीर्ष लागलेला असतो, शुक्ल पक्ष असतो. गुरुजींनी तक्रार करावी असं या तीन दिवसांत मला तरी काही दिसत नाही. रविवारी बहुतेक दवाखान्यांत ठरवून केलेली ऑपरेशन्स घेत नाहीत. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्तपेढी हे सगळं कामाच्या दिवशी हाताशी असतं, म्हणून रविवार सोडून दे. उरले सोमवार आणि मंगळवार, ३९ आठवडे ५ दिवस आणि ३९ आठवडे ६ दिवस. सोमवार घे, म्हणजे काही अडचण आली तर मंगळवार हाताशी राहतो.

हे मी कॅलेंडरवर बोट ठेवून सांगतेय. शिक्कामोर्तब दोघांकडून करून घे. गुरुजींना नक्षत्र बदलण्याची नेमकी वेळ विचार. नक्षत्र सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपत नाही. ते कमी-जास्त दिवसभराचं असतं आणि दुपारी किंवा मध्यरात्रीही बदलतं. आणि डॉक्टरांना विचार, ‘माझा जुना टाका बघता सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल ना? की बुधवारीच करावं असं वाटतं?’ आधीच्या सिझेरियनचा व्रण पातळ झालाय अशी शंका असेल तर त्या बुधवारच म्हणतील. तसं झालं तर बुधवारच घ्यायचा, कृष्ण चतुर्दशी असली तरी. शांत करायची ती बारशाच्या सुमाराला करता येईल.

गुरुजींना फोन सासूबाईंनीच करू दे, फक्त प्रश्न बदलून. ‘गुरुजी, डॉक्टरांनी बुधवार ते पुढचा मंगळवार एवढेच दिवस दिलेत, त्यातला बरा कुठला?’ जुन्या आणि जाणत्या गुरुजींना असा प्रश्न आवडतो, कारण त्यांनाही लोकांच्या अडचणीत बसवून मुहूर्त काढायची सवय असते. लग्नाला कार्यालय ज्या तारखांना मिळतं, त्यातलाच दिवस ते काढून देतात की नाही? हे तसंच.

आता ती १०:४० ची वेळ. ती सोडून दे म्हणते, कारण ती कुणाच्याच हातात नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच ठरवून सिझेरियन होतं. वेळ काढून आणली होती ११:२० ची. सकाळपासून तिला उपाशी ठेवलेलं, सलाईन लावलेलं, गाऊन घालून स्ट्रेचरवर झोपवलेलं. ११ ला आत घेणार, तेवढ्यात खालून एका बाईला आणलं. तिच्या बाळाचे ठोके उतरले होते. साहजिकच ती आधी आत गेली. आमच्या मुलीचं बाळ १ वाजून काही मिनिटांनी झालं. बाळ छान, आई छान. पण बाहेर बाकावर तिचे सासरे हातातल्या चिठ्ठीकडे बघत बसलेले, आणि पेढे वाटायचे सोडून ‘लग्न बदललं, लग्न बदललं’ एवढंच पुटपुटत होते. त्या चिठ्ठीमुळे नातवंड झाल्याच्या पहिल्या तासाचा आनंद त्यांना घेताच आला नाही.

आणि सगळं वेळेवर झालं तरी हिशेब बघ. पाठीत भुलीचं इंजेक्शन, ती नीट चढली का ते बघणं, लघवीची नळी, पोट पुसून कपडे लावणं, यात किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही. पहिल्या खेपेला पोट उघडल्यापासून बाळ बाहेर यायला पाच-दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या खेपेला आतले पडदे एकमेकांना चिकटलेले निघाले तर ते जपून सोडवावे लागतात. तिथे मूत्राशय अगदी जवळ असतं. त्या क्षणी सर्जनच्या डोक्यात घड्याळ असावं असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. पत्रिकेतलं लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, तेवढं कदाचित जमेलही. पण गुरुजी जेव्हा १०:४० म्हणून मिनिट देतात तेव्हा ते नवमांश बघत असतात, आणि एक नवमांश जेमतेम तेरा मिनिटांचा. तेरा मिनिटांत बसवायला हे काही फीत कापणं नाही. आणि जन्मवेळ कुठली धरायची, डोकं बाहेर आलं ती, पहिलं रडणं ती, की नाळ कापली ती, यावर ज्योतिषांचंही एकमत नाही. शेवटी लिहिली जाते ती सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलेली, आणि ते घड्याळ चार मिनिटं पुढे आहे का मागे, देव जाणे.

तेव्हा गुरुजींकडून दिवस घ्यायचा, पण मिनिटं मागायची नाहीत. दवाखान्यात फार तर ‘सकाळची वेळ मिळेल का’ एवढं विचारायचं. तेही नक्षत्रासाठी नाही, तुझ्या उपासासाठी. दुपारी नंबर लागला तर नऊ महिन्यांच्या बाईला दिवसभर कोरडं राहावं लागतं.

सोमवारी सकाळी घरातलं कुणीतरी मोबाइलवर बघून ‘साडेसात ते नऊ राहुकाळ आहे, आत्ता निघू नका’ म्हणणार, हेही आत्ताच सांगून ठेवते. तो तक्ता सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरून केलेला असतो. राहुकाळ म्हणजे दिवसाचे आठ भाग करून वाराप्रमाणे त्यांतला एक, आणि सोमवारी तो दुसरा भाग. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला सूर्य ६:५० ला उगवून ६ ला मावळत असेल तर दिवस ११ तास १० मिनिटांचा, एक भाग सुमारे ८४ मिनिटांचा. म्हणजे राहुकाळ येतो ८:१४ ते साधारण ९:३८. साडेसातला निघणाऱ्यांना अडवून बरोबर राहुकाळातच बाहेर काढायचं, असा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय! पाळायचाच असेल तर नीट गणित करून पाळा. तुला बहुधा पहाटेच भरती व्हायला सांगतील, त्यामुळे हा प्रश्न उरणारही नाही.

आता तुझी खरी भीती, मुळाची. सोमवार मिळाला तर ती उरत नाही, पण तुला कळा शनिवारीच सुरू झाल्या तर? म्हणून हे नीट सांगते.

मी स्वतः मुळावर जन्मलेय. पहिल्या चरणात, म्हणजे ज्याला ‘पित्याला वाईट’ म्हणतात त्याच. माझे वडील ८४ वर्षांचे होऊन गेले. हा काही पुरावा नव्हे, एका माणसाच्या आयुष्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण मुळाच्या भीतीत वाढणं कसं असतं ते मला माहीत आहे. वडिलांना ताप आला की माझी एक काकू माझ्याकडे बघायची. मी सात-आठ वर्षांची असेन. ते बघणं अजून आठवतं.

शास्त्राचं म्हणणंच बघायचं तर ते ‘मुळावरचं मूल वाईट’ इतकं सरसकट नाही. मुळाचे चार चरण, प्रत्येक साधारण सहा तासांचा. पहिला पित्याला, दुसरा मातेला, तिसरा धनाला त्रासाचा मानतात आणि चौथा शुभ. आणि जे त्रासाचे मानले त्यांच्यासाठी जननशांती सांगितलीय. बाराव्या दिवशी करतात, किंवा तेच नक्षत्र फिरून येतं तेव्हा, सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास. ज्येष्ठेला शांत आहे, कृष्ण चतुर्दशीला आहे, अमावस्येलाही आहे. मला यात एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. बारसं, उष्टावण, जावळ, मुंज, लग्न, प्रवास, गृहप्रवेश, या सगळ्यांना जुन्या लोकांनी मुहूर्त सांगितले. जन्माला मात्र शांत सांगितली. जे माणसाच्या हातात आहे त्याला मुहूर्त, जे हातात नाही ते झाल्यावर मनाच्या समाधानासाठी शांत. मूल आपल्या वेळेला येणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ते नक्षत्र चुकवून आणा, असं त्यांनी सांगितलेलं नाही.

आणि कर्मावर विश्वास असेल तर आणखी एक गोष्ट सासूबाईंपुढे हळूच मांडून बघ. पत्रिका ही पूर्वसंचिताची खूण मानायची, तर आपण सुरीने वेळ बदलून संचित बदलतं का? माझ्या आजीला हा प्रश्न कुणीतरी घातला होता. ती म्हणाली, ‘थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरत नाही.’ सातवी शिकलेली बाई.

अमावस्येबद्दल तर मला नेहमी गंमत वाटते. आपण तिला एवढं टाळतो, आणि दिवाळीतलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येलाच करतो. तमिळ लोकांत कितीतरी घरी नवं काम सुरू करायला अमावस्या चांगली मानतात. चंद्र सगळ्यांचा एकच आहे.

तेव्हा शनिवारी, मुळावर, मध्यरात्री जरी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तसंच निघायचं. पहिल्या सिझेरियनचा व्रण असलेल्या बाईने कळा सुरू झाल्यावर घरी थांबणं फार धोक्याचं, कारण तो व्रण ताणाखाली उसवू शकतो. मग बाळाकडे आणि आईकडे काही मिनिटंच असतात. ‘मूळ संपायला दोनच तास राहिलेत, तेवढं थांबू’ हे वाक्य तुमच्या घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. हे सगळ्यांच्या देखत, आत्ताच, शांतपणे बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर वाद घालायचं त्राण तुझ्यात नसेल.

आणि हे बोलायचं काम तुझ्या नवऱ्याचं. ‘तुम्ही दोघी ठरवा’ हे त्याला सोयीचं आहे, पण पोट तुझं, आई त्याची आणि बाळ दोघांचं आहे. त्याने आईला घेऊन पुढच्या तपासणीला यावं. डॉक्टरांच्या खोलीत तिघांनी बसावं आणि त्यानेच विचारावं, ‘आधीच्या मंगळवारी केलं तर बाळाला काय होऊ शकतं? सोमवारी चालेल का?’ सासूबाईंना सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसून सांगितलेलं यात फरक पडतो. त्यात त्यांचा अपमानही होत नाही. उलट त्यांच्या म्हणण्याचा मान राखून त्यांचाच एक दिवस निवडलाय, असं त्यांना चारचौघांत सांगता येतं. तो मोठेपणा त्यांना घेऊ दे.

शकुन-अपशकुनाचं म्हणशील तर निघताना मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, कुणी शिंकलं, तर आमच्याकडे क्षणभर थांबून, घोटभर पाणी पिऊन, देवाचं नाव घेऊन निघायची रीत आहे. तुझ्या बाबतीत पाण्याचा घोट नको, उपाशी राहायला सांगितलेलं असेल. पण क्षणभर थांबायला हरकत नाही. त्या दोन मिनिटांत फाइल उघडून बघ. रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, पहिल्या सिझेरियनचं डिस्चार्ज कार्ड. ते कार्ड हमखास घरी राहतं, आणि पहिल्या वेळी आत काय केलं होतं हे सर्जनला त्यावरूनच कळतं.

राहिली आत्या. इथे मात्र मी पंचांगवालीही नाही आणि मध्यममार्गीही नाही. जुन्या शकुन-अपशकुनांच्या याद्यांत भरल्या घागरीच्या, रिकाम्या घागरीच्या जोडीला जितीजागती माणसं घातलेली आहेत. विधवा बाई समोर येणं हा त्यातलाच एक अपशकुन. मांजराला आपण अपशकुनी म्हटलं तर त्याला कळत नाही. आत्याला कळतं. इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मागच्या खोलीत सरकून उभं राहायची तिला सवय झाली असेल. ती तक्रारही करणार नाही, आपणहून आत जाऊन बसेल. म्हणूनच तू बोल. सासूबाईंशी भांडू नकोस. ‘आई, मला तिनेच वाढवलंय, तिचा हात पाठीवर असल्याशिवाय मला धीर येत नाही,’ एवढंच म्हण. त्यावर फारसं कुणाला काही बोलता येत नाही. मुहूर्ताच्या बाबतीत त्यांचं एक ऐकलंयस, या बाबतीत त्यांनी तुझं ऐकावं.

आणि रविवारी रात्री बॅग भरायला तिलाच बसव. बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते दुपटं धुऊन, उन्हात वाळवून तिच्या पिशवीत राहू दे. आतून सिस्टर दार अर्धं उघडून ‘बाळाचे कपडे द्या’ म्हणून ओरडते, तेव्हा दाराशी पुढे जाणारी बाई ती असू दे.